ताईच्या लग्नाचा खरा खर्च : सांगलीतल्या एका घरच्या वहीच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

ताईचं लग्न १५ डिसेंबरला ठरलंय. कार्यालय मिरज रोडला, भाडं दीड दिवसाचं. धाकटीचं लग्नही दोन वर्षांत करायचं असं अण्णांच्या मनात आहे आणि त्यासाठी किती साठवायचं, हे या लग्नाच्या हिशेबावरून ठरणार आहे. म्हणून हिशेब मी लिहितो असं सांगून टाकलं.

काल काका सहज बोलून गेले, "एवढं काय लिहीत बसतोस? निम्मं लग्न आहेरात फिटतं." अण्णांनी मान डोलावली. आमच्या भावकीत सगळेच असं म्हणतात, पण आहेर नेमका किती आला आणि त्यातला किती पुढे फेडावा लागला, हे कुणी मांडून दाखवल्याचं मला आठवत नाही. मला तेवढंच शोधायचंय.

पहिला प्रश्न असा की हिशेब कुणाचा? ताईचा, अण्णांचा की दोन्ही घरांचा? हे आधी ठरवलं नाही तर कार्यालयाचं निम्मं भाडं व्याह्यांनी दिलेलं असताना आपण पूर्ण धरू, आणि ताईबरोबर सासरी गेलेला फ्रीज आपल्या जमेत लिहू. मी ठरवलं की हिशेब अण्णांच्या तिजोरीचा. तिच्यातून गेलं तो खर्च, तिच्यात राहिली ती जमा. ताईच्या घरी गेलं ते ताईचं. त्याची नोंद ठेवायची, पण जमेच्या बेरजेत घ्यायचं नाही.

व्याह्यांशी बोलणं झालंय. कार्यालय, जेवण, स्टेजची सजावट, वीज हे निम्मं-निम्मं. बस्ता, दागिने, फोटो, गाड्या ज्याच्या त्याच्या.

२४ नोव्हेंबर

बस्ता झाला. आमच्या घरच्यांचे कपडे, ताईच्या साड्या आणि मानकऱ्यांचे पोशाख मिळून १,१८,००० रुपये. याच दुकानात फेरआहेराच्या साड्या, टॉवेल-टोप्याही घेतल्या. दुकानदार सगळं एकाच बिलात बांधत होता, मी दोन बिलं करून मागितली. फेरआहेर म्हणजे आहेर आणणाऱ्याला आपण परत देतो तो. त्याचा खर्च पाहुण्यांच्या संख्येवर चालतो, आपल्या हौसेवर नाही. बस्त्यात मिसळला तर आहेर मिळवायला आपल्याला किती पडले, हे कधीच कळणार नाही. फेरआहेराचं बिल ३८,४०० झालं.

सराफ कट्ट्यावरून ताईच्या पाटल्या-बांगड्याही आणल्या. बिल आईच्या हातातून घेऊन नीट वाचलं. ४० ग्रॅम, बावीस कॅरेट, ग्रॅमला ७,१०० प्रमाणे सोन्याचे २,८४,०००. घडणावळ १२ टक्के म्हणजे ३४,०८०. या दोन्हींच्या बेरजेवर ३ टक्के जीएसटी ९,५४२. एकूण ३,२७,६२२.

हे सगळं लग्नाच्या खर्चात धरायचं का? मी बिलाचे दोन तुकडे केले. २,८४,००० चं सोनं कुठं गेलं नाही, ते ताईचं स्त्रीधन म्हणून तिच्याकडे आहे. अण्णांनी लेकीला दिलेलं ते. लग्न नोंदणी पद्धतीनं झालं असतं तरी त्यांनी ते दिलंच असतं. त्याची ओळ वेगळी. घडणावळ आणि कर मिळून ४३,६२२ मात्र मोडायला गेलो तर परत येत नाहीत. तो खर्च.

१५ डिसेंबर, रात्री

लग्न लागलं, ताई गेली. घर रिकामं वाटतंय, पण आज लिहिलं नाही तर उद्या निम्मं विसरेन.

आहेराच्या टेबलावर चुलतभाऊ आणि आत्येबहीण अशी दोघं बसवली होती. पाकीट आलं की त्यावर पेननं नंबर टाकायचा, वहीत त्याच नंबरावर नाव आणि गाव लिहायचं, आणि न उघडता कुलूपबंद पेटीत टाकायचं. नुसतं "पाटील, तासगाव" लिहून चालत नाही, असे चार आले होते. म्हणून नावापुढं "आईकडून कोण" किंवा "अण्णांच्या बँकेतले" अशी ओळख लिहायला सांगितली होती. टेबलावर माझ्या खात्याचा क्यूआर कोडही ठेवला होता. १९ जणांनी त्यावर पैसे पाठवले. तिथं नंबर पडत नाही, आणि पैसे मुलाच्या खात्यावरून आणि आहेर बापाच्या नावानं असंही होतं. म्हणून फोनवर पैसे आल्याचा आवाज झाला की समोरच्या माणसालाच "कुणाच्या नावानं लिहू?" असं विचारत होतो.

पंगती मी स्वतः मोजल्या. मांडणी १२० खुर्च्यांची होती. पाच पंगती भरल्या, सहावीत ८४ माणसं. म्हणजे ६८४.

१७ डिसेंबर

पाकिटं आज फोडली. आई, आत्या आणि मी. एकीनं फोडायचं, दुसरीनं मोजून रक्कम ओरडायची, मी वहीत नंबरापुढं लिहायचं. नोटा एका ताटात, रुपये वाटीत.

आमच्याकडे बिनरुपयाचा आहेर कुणी घालत नाही. ५१, १०१, ५०१, १,००१. तयार पाकिटावर रुपया आधीच चिकटवलेला असतो, साध्या पाकिटात लोक आतून टाकतात. पाकिटं २६८ आणि सगळी रुपयाची. वाटीतले रुपये मोजले तर २६७.

आत्या म्हणाली, "एका रुपयासाठी काय रे?" रुपयाचं नव्हतंच. वहीत १४३ नंबरापुढची जागा कोरी होती, आणि एक रुपया कमी याचा अर्थ एक पाकीट फुटलंच नाही. फोडलेली पाकिटं आम्ही सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात भरत होतो. पोतं अंगणात उलटं केलं आणि एकेक पाकीट उन्हाकडे धरून बघितलं. पाऊण तासानं सापडलं. दुसऱ्या पाकिटाच्या पोटात सरकून बसलं होतं, चिकटवलेला रुपया त्याच्या डिंकाला धरून. आत पाचशेची नोट. हा माणूस कवलापूरचा, अण्णांच्या शाळेपासूनचा मित्र. सापडलं नसतं तर त्याच्या नावापुढं वहीत शून्य राहिलं असतं, आणि त्याच्या घरच्या लग्नात आम्ही त्याच शून्याच्या हिशेबानं गेलो असतो. पन्नास रुपये कमी-जास्त झाले तर कळणारही नाही, पण असा विसर माणसं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

पाकिटं २६८ आणि फोनवरचे १९ मिळून २८७ नोंदी. एकूण १,७४,६३७ रुपये.

२२ डिसेंबर

केटररचं बिल ७४२ ताटांचं आलं, ताटाला २४० प्रमाणे. माझी मोजणी ६८४. त्याच्याजवळ बसून पंगतींचा हिशेब दाखवला. बँडवाले आणि कार्यालयाची माणसं मागं जेवली, ती १६, हे मला माहीत नव्हतं. ते त्याचं बरोबर होतं. बाकीची ४२ ताटं त्यानं उरलेल्या जेवणावरून अंदाजानं लावली होती. सातशेवर मिटलं, १,६८,०००. त्याचा आवाज शेवटपर्यंत चढला नाही, माझाही नाही, कारण दोघांपुढं आकडे होते. पंगतीऐवजी बुफे असता तर मला एवढ्या खात्रीनं बोलता आलं नसतं. धुतलेली ताटं परत रांगेत जातात, मोजणार काय?

सामाईक खर्च असा बसला : कार्यालय ९०,०००, जेवण १,६८,०००, सजावट ४५,०००, वीज ६,४००. बेरीज ३,०९,४००, आपला निम्मा वाटा १,५४,७००.

अण्णांच्या डायरीत दोन चुका सापडल्या आणि दोन्ही खर्च फुगवणाऱ्या. केटररला दिलेले आगाऊ ५०,००० एकदा नोव्हेंबरात लिहिलेत आणि परत पूर्ण बिलातही आलेत. कार्यालयाची २०,००० अनामत खर्चात धरलीय, पण तिच्यातून विजेचे ६,४०० कापून बाकीचे परत मिळालेत. दोन्ही दुरुस्त केलं.

२९ डिसेंबर

किरकोळ खर्चावर आज अख्खा दिवस गेला.

मोठी बिलं कुठं पळत नाहीत. पळतात ती शंभर-दोनशेची. करवलीला ओवाळणी, भटजींच्या मदतनिसाला दक्षिणा, वरातीच्या घोड्यावाल्याला वर दोनशे, वाजंत्र्यांची बिदागी, ड्रायव्हरांचा चहा-नाश्ता, ऐनवेळी आणलेले हार, बर्फ, सुतळी, कुणाला तरी स्टँडवर सोडायला रिक्षा. लग्नाच्या चार दिवसांत काका, मामा, मी आणि चुलतभाऊ अशा चौघांच्या खिशातून पैसे जात होते आणि प्रत्येकाला "नंतर बघू" असं वाटत होतं. चौघांना एकत्र बसवलं आणि १२ तारखेच्या सकाळपासून तासातासानं आठवायला लावलं : "हळदीच्या दिवशी दहा वाजता तू कुठं होतास?" खिशात कुठून किती आले आणि शेवटी किती उरले, यावरून बेरीज ताडून बघितली. ३१,२०० निघाले. अण्णांच्या डायरीत यातलं काहीच नव्हतं. मामांनी स्वतःच्या खिशातले ४,६०० घातले होते, ते त्यांनी सांगितलेच नसते. ते याच बेरजेत आहेत, आज त्यांना परत दिले.

५ जानेवारी २०२५

आता मुद्द्याची गोष्ट. आहेराचे १,७४,६३७ सगळे जमेत धरायचे का?

संध्याकाळी हा विषय काढला तेव्हा आत्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "आहेर म्हंजे भिशी असते बाबा. आधी हप्ते घालायचे, आपला नंबर लागला की उचलायची, आणि उचलल्यावर राहिलेले हप्ते भरायचेच. भिशी उचलली म्हणून कुणी कमावलं म्हणतंय का?"

माझ्या डोक्यात चार दिवस घोळत होतं ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं. आलेल्या आहेराचे तीन भाग होतात. एक, ज्यांच्याकडच्या लग्नात आपण आधी आहेर केलाय आणि त्यांनी आता परत केला : आपलेच भरलेले हप्ते. दोन, ज्यांच्याकडे अजून लग्न व्हायचंय : त्यांचे हप्ते आता आपल्याला भरायचेत. तीन, ज्यांना आपल्याकडून परत अपेक्षा नाही : आजोळची म्हातारी माणसं, अण्णांच्या बँकेतल्या सगळ्यांनी मिळून केलेला आहेर, ज्यांची मुलंबाळं केव्हाच उजवून झालीत असे दूरचे थोरले. खर्च हलका होतो तो या तिसऱ्या भागानं.

पण पहिला भाग ओळखायचा कसा? आपल्याकडे आलेल्या आहेराची वही घरोघर असते. आपण कुठं किती केला याची वही कुणाकडेच नसते. आमच्याकडेही नव्हती, असं मला वाटत होतं.

७ जानेवारी

आईनं माळ्यावरून एक पिशवी काढली. तिच्यात जुन्या लग्नपत्रिका, सुतळीनं गठ्ठे बांधून ठेवलेल्या. २१२ भरल्या. प्रत्येक पत्रिकेच्या मागं, कोऱ्या बाजूला, आईच्या बारीक अक्षरात : "५०१ + साडी". "२५१, हे एकटेच गेले". "१०१, गेलो नाही, काकांबरोबर पाठवले". सर्वांत जुनी १९९६ ची, तिच्यामागं "५१". कार्याहून आल्यावर चहा टाकायच्या आधी ती हे लिहायची म्हणे. अण्णांनाही हे माहीत नव्हतं.

पत्रिकेवर नाव, गाव, तारीख सगळं छापील असतं, त्यामुळं आहेराच्या वहीशी जुळवणं सोपं गेलं. दोन रात्रींत संपलं. वही मी कॉम्प्युटरवर चढवली आणि प्रत्येक नावापुढं एक अक्षर टाकलं : क म्हणजे फेड झालेला, ख म्हणजे फेडायचा, ग म्हणजे बिनफेडीचा. E रकान्यात रक्कम, G रकान्यात अक्षर.

```
=SUMIFS(E:E,G:G,"ख")
```

क मध्ये १५८ नावं, ८८,२५८ रुपये. ख मध्ये ९७ नावं, ५१,३९७. ग मध्ये ३२ नावं, ३४,९८२. तिन्ही मिळून १,७४,६३७, वहीशी जुळलं.

क मधल्या बऱ्याच जणांनी आपण केला त्याच्या दुप्पट केलाय. त्याला नफा समजू नये. २०१२ ला ५०१ करणारा आता १,००१ करतो, तोवर ताटाचा दरही तसाच चढलाय. शिवाय आलेल्यावर थोडं चढवूनच द्यायची आपली रीत आहे. जेवढ्यास तेवढं देणं म्हणजे संबंध मिटवल्यासारखं दिसतं.

१२ जानेवारी

भांडी. ७४ नग आलेत. पराती, कळश्या, डबे, ताटं, एक मोठं पिंप. लग्नानंतर काकांनी दुकानातल्या दरानं अंदाज बांधला आणि भांडी, साड्या, फ्रीज धरून वस्तूंचा आहेर "सव्वा लाखाच्या वर" असं सांगून टाकलं. ते आणि पाकिटांचे पैसे मिळून अण्णांच्या डोक्यात तीन लाख बसलेत.

आज भांडी मांडून बघितली. ताईनं सासरी ४०च नेली, कारण तिथं आधीच कपाट भरलंय. ३४ आमच्या माळ्यावर. एक कळशी उचलून गळ्यापाशी बोट फिरवलं. यंत्रानं टिंब टिंब करून घातलेली अक्षरं खरखरीत लागली : "सप्रेम भेट", खाली देणाऱ्याचं नाव, मग १५-१२-२०२४. एवढं नाव घातलेली कळशी दुसऱ्याच्या लग्नात देता येत नाही, आणि घरात आधीच पाच आहेत. मोडीत घातली तर वजनाचे पैसे येतील, तेवढीच तिची किंमत. बिननावाची अकरा निघाली, ती पुढं आहेरात जातील.

वस्तूला किंमत लावायचा मी एकच नियम ठेवला : ती आली नसती तर आपण विकत घेतली असती का? अण्णांच्या तिजोरीपुरतं उत्तर जवळजवळ सगळीकडे नाही असं आलं. फ्रीज ताईच्या कामाचा, पण तो तिच्या घरात आहे. साड्या साडीला साडी अशा फिरतात, त्या शून्य धरल्या. उलट एक बाजू काकांच्या हिशेबात नव्हतीच : भांडी गेली ताईकडे, पण फेडायची अण्णांना. ज्यांच्याकडे अजून लग्नं व्हायचीत अशी ३१ घरं निघाली. भांड्याला चारशे धरले तरी १२,४००. हे मी जमेत नाही, खर्चात टाकलं. अण्णा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बरोबर आहे. पिंप ज्यांच्याकडून आलंय, त्यांना आपल्यालाही पिंपच द्यावं लागणार."

२ फेब्रुवारी

अण्णांच्या बँकेतल्या एकानं भीती घातली की आहेर खात्यात भरला तर कर लागेल. माझा एक मित्र कर सल्लागार आहे, त्याला विचारलं. लग्नानिमित्त वधू-वरांना मिळालेल्या भेटींवर आयकर नाही, देणारा नात्यातला असो वा नसो. ही सूट ज्याचं लग्न त्यालाच. आहेर वधूपित्याच्या नावानं धरला तर नात्यातल्यांनी दिलेलं मोकळं, पण बाकीच्यांकडून वर्षात मिळून ५०,००० च्या वर गेलं तर करपात्र. आणि कायद्याच्या यादीतल्या नात्यात चुलतभाऊ बसत नाही, हे मला नवीन होतं. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर "वधूस आलेला आहेर" असं चुलतभावानं आपसूकच लिहिलं होतं. त्यातून केटररचं बिल भागवलं त्याला ताईची संमती होती, ते तिच्या सहीनं वहीत लिहून घेतलं.

२३ मार्च

तासगावचे मामा आले. डिसेंबरात त्यांची द्राक्षबाग भरात होती, औषध-मजुरीत सगळा पैसा अडकलेला. तेव्हा ताईला जवळ घेऊन म्हणाले होते, "बाग उतरू दे." बाग उतरली. ११,००१ आईच्या हातात ठेवले. मामाचा आहेर फेडायचा नसतो, तो ग मध्ये. ग ची बेरीज ४५,९८३ झाली आणि एकूण आहेर १,८५,६३८. हिशेब जानेवारीत बंद केला असता तर हे राहिलं असतं. आमच्या भागात आहेराची वही निदान द्राक्षं उतरेपर्यंत उघडी ठेवावी.

२० एप्रिल

शेवटची बेरीज. अण्णांच्या तिजोरीतून गेलेलं :

सामाईक खर्चातला वाटा १,५४,७००
घरचा मांडव, हळदीचं जेवण, देवक, गोंधळ ५२,३००
बस्ता १,१८,०००
फेरआहेर ३८,४००
फोटो, बँड, पत्रिका, गाड्या ९६,५००
किरकोळ ३१,२००
घडणावळ आणि कर ४३,६२२
पतसंस्थेच्या कर्जाचं व्याज १३,२४०

बेरीज ५,४७,९६२. व्याज म्हणजे २ लाखांवर, १२ टक्क्यांनी, वर्षभराच्या हप्त्यांत जाणारं. ते डायरीत नव्हतं, कारण अण्णा कर्ज फेडणं म्हणजे खर्च समजत नाहीत. मुद्दल खरंच खर्च नव्हे, पण व्याज या लग्नामुळंच भरावं लागलं.

लेकीला दिलेलं सोनं २,८४,००० वेगळं. ते धरून एकूण ८,३१,९६२.

रात्री जेवणं झाल्यावर अण्णांपुढं वही ठेवली. त्यांचा हिशेब असा होता : चुका दुरुस्त केल्यावर डायरीत ७,८७,५२२, त्यातून आहेर तीन लाखांच्या वर, म्हणजे लग्न पावणेपाच लाखांत झालं. त्यातलं सोनं बाजूला काढलं की कार्य दोन लाखांच्या आतच झालं असं ते धरून चालले होते, आणि धाकटीसाठी तेवढंच पुरेल असं म्हणत होते.

मी दोन आकडे लिहून दाखवले. तिजोरीत आज किती कमी आहेत, असा प्रश्न असेल तर ८,३१,९६२ मधून आलेले रोख १,८५,६३८ वजा करायचे : ६,४६,३२४. बँकेची पासबुकं, हातातली रोकड आणि कर्जाचे राहिलेले हप्ते लावून बघितले तर १,१०० चा फरक राहतो, तो मला सापडलेला नाही. लग्न करायला खरोखर किती पडले, असा प्रश्न असेल तर ५,४७,९६२ मधून बिनफेडीचे ४५,९८३ वजा, भांड्यांच्या फेडीचे १२,४०० अधिक : ५,१४,३७९. सोन्याशिवाय.

अण्णांनी क च्या ओळीवर बोट ठेवलं. "हे अठ्ठ्याऐंशी हजार तर आलेच की हातात. ते का नाही वजा केलेस?"

मी आईची पत्रिकांची पिशवी पुढं ठेवली. "हे आधी गेले म्हणून आले, अण्णा. १९९६ पासून दरवर्षी घातलेत तुम्ही."

त्यांनी एक गठ्ठा सोडला आणि पत्रिका उलट्या करत राहिले. बराच वेळ. काही नावांवर थांबत होते. आता हयात नसलेल्या एका चुलत्याच्या मुलीची पत्रिका निघाली, मागं "१०१, हातउसने घेऊन". तेव्हा त्यांना पगार झाला नव्हता. ते वाचून त्यांनी चष्मा काढून ठेवला.

माझ्या हिशेबाची एक मर्यादा त्यांना सांगितली. ख मधली सगळी घरं आपल्याला बोलावतीलच असं नाही, काही मुलं पुण्यालाच लग्न लावून मोकळी होतील. म्हणून फेडीचा आकडा थोडा जास्त निघाला असेल. पण साठवताना जास्त धरलेलं बरं.

धाकटीसाठी आता पाच लाख पंचवीस हजार धरून दरमहा किती टाकायचे ते अण्णा उद्या बँकेत विचारणार आहेत. सोनं त्याच्या वेगळ्या खात्यात, आणि आहेर त्यात शून्य धरायचा. आला तर कर्ज काढावं लागणार नाही, एवढंच.

११ मे

ख मधलं पहिलं लग्न आज झालं, हरिपूरला. सकाळी आईनं विचारलं, "बघ रे, त्यांचे किती होते?" वहीत २०९ नंबर, ५०१ आणि एक परात, बिननावाची. माळ्यावरच्या अकरातली नेमकी तीच परात निघू नये म्हणून आईनं दुसरी निवडली आणि चिंचेनं घासून लखलखीत केली. पाकिटात अण्णांनी ६०१ घातले.

घरी आल्यावर आईनं पत्रिका उलटी केली, पेन शोधलं, आणि मला म्हणाली, "तू लिही आता." मी लिहिलं : "६०१ + परात, सगळे गेलो होतो." मग वहीत २०९ पुढचा ख खोडून क केला.